१२ वाजून ५५ मिनिटांचं स्वयंपाकघर : ४०० जणांच्या कारखाना कॅन्टीनच्या आराखड्याचं एक प्रकरण

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला फॅसिलिटी प्लॅनिंगचा पेपर असतो. त्यात व्यावसायिक स्वयंपाकघराचा आराखडा काढायला सांगतात, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांमध्ये एकाच प्रकारची चूक सापडते. आधी उपकरणांची यादी तयार होते, मग ती यादी चार भिंतींच्या कडेने बसवली जाते आणि शेवटी त्यावर बाण काढून त्याला कामाचा प्रवाह म्हटलं जातं. खरं काम याच्या उलट क्रमाने चालतं. ते कसं, हे दाखवण्यासाठी अशा पेपरांत येणाऱ्या प्रश्नासारखं एकच प्रकरण इथे शेवटपर्यंत सोडवलं आहे.

प्रश्न असा. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं शाकाहारी कॅन्टीन. दुपारी ४०० जण जेवतात, दोन पंगतींत २०० आणि २००. पहिली पंगत १२:३० ला, दुसरी १:१० ला. ताटात चपाती, एक सुकी भाजी, एक उसळ, वरण, भात, कोशिंबीर आणि ताक. स्वयंपाकघराला मिळालेली खोली पूर्व-पश्चिम १६ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच. पश्चिमेला आवार, तिथून माल येतो. पूर्वेच्या भिंतीपलीकडे जेवणाचा हॉल. उत्तरेची भिंत बाहेरची. दक्षिणेच्या भिंतीला लागून उघडा बोळ आहे, तो मागच्या आवारात जातो. या भिंतीत सध्या दार नाही. पाणी आणि सांडपाण्याची जुनी जोडणी नैऋत्य कोपऱ्यात आहे.

नेहमी येणारा पहिला आराखडा

पाणी आणि मोरी नैऋत्येला आहे म्हणून भांडी घासण्याची जागा तिथेच. वायव्येला कोठार. उत्तरेच्या भिंतीला शेगड्यांची ओळ, मधे मोठं टेबल, पूर्वेला वाढपाची खिडकी. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. माल पश्चिमेकडून येतो, शिजतो आणि पूर्वेकडे जातो; बाण सरळ आहे. गुणही बरे मिळतात.

आता या आराखड्यावर घड्याळ लावून पाहा. वेळ १२:५५. पहिल्या पंगतीतले निम्मे लोक उठले आहेत. १०० ताटं, १०० पेले आणि दोन टप भरून खरकटं पूर्वेच्या टोकाला जमा झालं आहे आणि ते धुवायला पश्चिमेच्या टोकाला न्यायचं आहे. वीस ताटांची एक चळत उचलायची म्हटली तरी ताटांच्याच पाच फेऱ्या, पेले आणि खरकट्याच्या वेगळ्या. याच मिनिटाला दुसऱ्या पंगतीचा भात शिजून तयार आहे आणि तो उलट दिशेने पूर्वेला जायचा आहे. चपात्यांचे डबे भरून जात आहेत, काउंटरवरचे रिकामे टोप परत येत आहेत, आणि सुकी भाजी परतणारा माणूस त्याच वाटेत उभा आहे. शेगडी आणि टेबल यांच्यामधली वाट १.२ मीटर. खरकट्याचा टप आणि ६० लिटर गरम वरण समोरासमोर येतात. अपघात याच ठिकाणी होतात. खरकट्याचे शिंतोडे शिजलेल्या अन्नात पडतात तेही इथेच.

त्यामुळे या प्रकरणातली कसोटी ठरली ती ही: आराखडा दिवसातल्या सर्वांत वाईट मिनिटाला तपासायचा. सकाळी दहाला कुठलंही स्वयंपाकघर चालतं. कागदावर १२:५५ ला हजर असलेल्या प्रत्येक माणसाचा ठिपका काढा, त्याच्या हातात काय आहे आणि ते कुठे चाललंय याची रेघ ओढा. शिजलेल्या अन्नाची रेघ आणि खरकट्याची रेघ कुठेही एकमेकींना छेदत असतील, तर उपकरणं कितीही चांगली असोत, आराखडा नापास.

ताटापासून मागे

उपकरण निवडायला पदार्थ, माप आणि वेळ एवढ्याच तीन गोष्टी लागतात. भात माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरला तर ३२ किलो. तो एकदम शिजवायचा नाही, कारण दुसऱ्या पंगतीला पाऊण तासापूर्वीचा भात द्यावा लागेल आणि खोल भांड्यात तळाचा भात वरच्या वजनाने दबून गिचका होतो. म्हणून १६ किलोचे दोन घाणे. १६ किलो तांदूळ साधारण १९ लिटर जागा घेतो आणि शिजून तिप्पट फुगतो, म्हणजे ५७ लिटर. भांडं पाऊण भागापेक्षा जास्त भरायचं नसतं. ५७ ला ०.७५ ने भागलं की ७६ येतात. बाजारात १०० लिटरचं मिळतं, ते घ्यायचं.

वरण माणशी १५० मिलिलिटर म्हणजे ६० लिटर. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी १५ टक्के वाढवले की ६९, पाऊण भरण्याच्या हिशेबाने ९२, पुन्हा १०० लिटर. उसळ माणशी १२५ मिलिलिटर, तोच हिशेब ७७ लिटरवर येतो. इथे ८० लिटरचं भांडं पुरेल, पण तिन्ही भांडी १०० लिटरची एकसारखी घेणं जास्त शहाणपणाचं. एकाचा बर्नर बिघडला तर दुसऱ्यात काम उरकतं, झाकणं अदलाबदल होतात, आणि उद्या उसळीऐवजी कढी करायची ठरली तरी काही अडत नाही.

सुक्या भाजीचा हिशेब वेगळा आहे, आणि विद्यार्थी तिथेच फसतात. सुकी भाजी लिटरवर मोजून चालत नाही, तिचा थर मोजावा लागतो. माणशी १२० ग्रॅम धरून ४८ किलो फ्लॉवर-बटाटा. तो खोल टोपात टाकला तर तळाचा वाफेने शिजून गळतो आणि वरचा कच्चा राहतो, आचारी पळीने ढवळून त्याचा लगदा करतो. यासाठी रुंद, उथळ, कलणारा पॅन हवा, ज्याला टिल्टिंग पॅन म्हणतात. ०.९ बाय ०.६ मीटर तळाच्या पॅनमध्ये २४ किलो चिरलेली भाजी साधारण ४८ लिटर जागा घेते, म्हणजे थर ९ सेंटिमीटरचा. एवढा थर नीट परतता येतो. म्हणून दोन घाणे, पहिला १२:१५ ला उतरणारा, दुसरा १२:५५ ला. कोबीच्या दिवशी मात्र हा हिशेब मोडतो. चिरलेला कोबी फार जागा खातो आणि त्या दिवशी तीन-चार घाणे धरावे लागतात. पॅनमध्ये फोडणीही होते, म्हणून तो भांड्यांच्या ओळीत पहिला ठेवला.

एवढ्यावर शिजवण्याची ओळ संपते: एक टिल्टिंग पॅन, १०० लिटरची तीन कलती भांडी आणि चहा, दूध, छोट्या फोडणीसाठी दोन बर्नरची बुटकी शेगडी. उत्तरपत्रिकांत याशिवाय वरून आच देणारा सॅलमँडर, ग्रिडल, डीप फ्रायर आणि कॉम्बी ओव्हन दिसतात, कारण ती यादी हॉटेलच्या पुस्तकातून आलेली असते. इथल्या ताटात असा एकही पदार्थ नाही ज्याला सॅलमँडर लागतो. प्रत्येक उपकरणासमोर पदार्थाचं नाव आणि वेळ लिहिता आली पाहिजे. ती लिहिता आली नाही तर उपकरण खोडावं.

चपाती : खरी अडचण इथे

या कॅन्टीनचा वेग शेगडीच्या हातात नाही, चपातीच्या हातात आहे. भात, वरण आणि उसळ एका भांड्यात एकदम होतात. चपाती एकेक करून होते. माणशी सरासरी साडेतीन धरल्या तर १,४०० चपात्या. एका चपातीला २८ ग्रॅम पीठ, म्हणजे ३९ किलो पीठ. पहिली चपाती फार आधी करून चालत नाही, कारण कापडात गुंडाळून उष्णतारोधक डब्यात ठेवलेली चपातीही तासा-सव्वातासानंतर चिवट व्हायला लागते. शेवटची चपाती दुसऱ्या पंगतीच्या सुरुवातीपर्यंत यायला हवी. त्यामुळे ११:१५ ते १:१५ असे दोनच तास हातात उरतात आणि तासाला ७०० चपात्या लागतात.

हाताने करायच्या तर सरावलेली बाई तासाला साधारण १२० लाटते असं धरा. सहा जणी लाटायला, तीन जणी भाजायला, शिवाय गोळे करायला कुणीतरी. प्रत्येकीला निदान ०.९ मीटर ओटा हवा. इतकी जागा आणि इतकी माणसं या खोलीत नाहीत, म्हणून स्वयंचलित यंत्र. यंत्राच्या माहितीपत्रकावर तासाला १,००० लिहिलेलं असतं ते सगळं जुळून आलं तरचं. कणीक भरताना लागणारा वेळ, सुरुवातीच्या फाटक्या चपात्या, मधेच साफ करावा लागणारा पट्टा हे सगळं धरून प्रत्यक्षात ७० ते ७५ टक्के मिळतात. म्हणून ७०० हव्या असतील तर १,००० चंच यंत्र घ्यायचं. ७०० लिहिलेलं यंत्र घेणारा विद्यार्थी दुसऱ्या पंगतीतल्या शंभर ते एकशेवीस जणांना चपातीशिवाय बसवतो, आणि ते त्याच्या उत्तरात कुठेच दिसत नाही.

कणकेचं गणित याच वेळापत्रकाला बांधलेलं आहे. २० किलो पीठ मळणारं यंत्र पुरतं. पहिली कणीक १०:३० ला मळायला घ्यायची, दहा-बारा मिनिटांत ती होते आणि ११:१५ पर्यंत मुरते. त्यातून सुमारे ७०० चपात्या निघतात, म्हणजे ती १२:१५ ला संपते. दुसरी कणीक ११:४५ ला मळायची, ती १२:१५ ला तयार असते. एकदम ४० किलो मळणारं मोठं यंत्र घेतलं तर उरलेली कणीक उन्हाळ्यात दीड तास उकाड्यात राहून सैल पडते आणि पट्ट्याला चिकटते. इथे छोटं यंत्र स्वस्तही आहे आणि योग्यही.

यंत्राला हाताच्या पोळीपेक्षा सैल कणीक लागते. घट्ट कणकेच्या चपात्यांच्या कडा जाड राहतात, त्या फुगत नाहीत आणि मधे फाटतात. पट्ट्यावर सांडलेलं कोरडं पीठ भाजण्याच्या टप्प्यात जळतं. चपातीला कडवट वास आला की कणकेत दोष शोधू नये, पट्टा झाडावा. यंत्र बंद पडण्याचा दिवस येतोच, म्हणून त्याच्या शेजारी १.२ मीटरचा गॅसचा तवा आणि दोन पोळपाट मावतील एवढा ओटा ठेवला. त्यावर ७०० होणार नाहीत, पण तासाला दोनशे-अडीचशे निघतील, त्या दिवशी भात वाढवावा लागेल. तव्याची जागा न ठेवलेला आराखडा अपुरा धरायला हवा.

जागा वाटताना

आता उत्तरेची १६ मीटरची भिंत वाटू. पश्चिमेकडून पहिले ४ मीटर कोठार, पुढे ६ मीटर शिजवण्याची ओळ, पुढे ४ मीटर चपातीचं यंत्र, शेवटचे २ मीटर वाढपाची तयारी. शिजवण्याच्या ओळीची लांबी बेरजेने येते: पॅन १.२, तीन भांडी प्रत्येकी १, शेगडी १.२ आणि त्यांच्यामध्ये साफसफाईला हात जाईल एवढ्या १५ सेंटिमीटरच्या चार फटी. बरोबर ६ मीटर. चपातीच्या यंत्राचं पिठाचं तोंड पश्चिमेला आणि चपाती पडण्याचं तोंड पूर्वेला. हे उलटं बसलं तर कणीक वाढपाच्या बाजूने न्यावी लागते आणि तयार चपाती शेगड्यांसमोर पडते. यंत्राचा आकार उत्पादकाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याचा मोजमापाचा नकाशा हातात आल्याशिवाय गॅसची आणि विजेची जागा पक्की करू नये. त्याचा तवा आणि पोळपाटाचा ओटा यंत्रासमोर, वाटेच्या पलीकडे ठेवले तर धुराची सोय उरत नाही. म्हणून तवा त्याच ४ मीटरमध्ये, यंत्राच्या शेवटी मावेल असं २.८ मीटरच्या आतलं यंत्र बघावं. नाहीतर वाढपाच्या तयारीतला एक मीटर सोडावा लागतो.

रुंदीचा हिशेब मधल्या भागात असा बसतो. भिंतीपासून शेगडीच्या पुढच्या कडेपर्यंत १.१ मीटर, त्यासमोर २.१ मीटरची मुख्य वाट, मग पाठीला पाठ लावलेली दोन टेबलं मिळून १.२ मीटर, त्यामागे १.५ मीटरची दुसरी वाट आणि दक्षिण भिंतीला ०.७५ मीटरचा ओटा. बेरीज ६.६५. उरलेले ३५ सेंटिमीटर प्लास्टर, टाइल, पाइप आणि खांबांची पुढे आलेली कड यांत जातात. हे ३५ सेंटिमीटर न ठेवणारा आराखडा कागदावर बसतो, जागेवर बसत नाही.

मुख्य वाट २.१ मीटर ठेवण्याला कारण आहे. कलत्या भांड्याचं तोंड पुढे येतं, त्याखाली ट्रॉली उभी राहते आणि ट्रॉलीमागून माणूस जायला हवा. भांड्यांच्या समोर जमिनीत ४० सेंटिमीटर रुंद जाळीची गटार. भांडं कलवल्यावर धार जिथे पडते बरोबर तिथे ती हवी. अर्धा फूट पुढे-मागे झाली की भांडं धुतलेलं पाणी रोज आचाऱ्याच्या पायाखाली पसरतं. जमिनीला मीटरमागे १२ ते १५ मिलिमीटर उतार द्यायचा आणि तो गटारीकडेच. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरचा असेल तर ही गटार आणखी काळजीची गोष्ट आहे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर सखल जागेत साचतो. गटारीच्या तोंडाला पाण्याची सील असलेला ट्रॅप हवा, आणि गॅस बंद करायची मुख्य कळ शेगडीमागे नको, बाहेर पडण्याच्या वाटेवर हवी.

पश्चिमेच्या ४ मीटरच्या पट्ट्यात वायव्येला ३.२ मीटर रुंद कोठार, मधे १.५ मीटरची वाट, नैऋत्येला माल तोलणं आणि भाजी धुणं. जुनी पाण्याची जोडणी अशा रीतीने भाजीच्या सिंकला वापरात येते. तिथून पूर्वेकडे दक्षिण भिंतीला भाजी चिरण्याचा ओटा आणि कापणी यंत्र. भाजीचा दोन दारांचा उभा फ्रिज याच ओट्याच्या सुरुवातीला. रोज ४८ किलो भाजी येते आणि त्याच दिवशी संपते. इथे शीतखोलीचा खर्च करण्याचं कारण नाही. त्यापुढे मोठ्या टोपांसाठी तीन सिंक, आणि आग्नेय कोपऱ्यात ५ बाय २.४ मीटरचा ताटं धुण्याचा कप्पा.

ताटं धुणं कुठे आणि किती

हा कप्पा आग्नेयेला नेणं हाच या आराखड्यातला मुख्य निर्णय आहे. पूर्वेच्या भिंतीत दोन उघड्या जागा ठेवल्या: उत्तर टोकाला २.५ मीटरची वाढपाची खिडकी आणि दक्षिण टोकाला १.२ मीटरची ताटं परत देण्याची खिडकी. खरकटं ताट स्वयंपाकघरात शिरतच नाही, ते कप्प्यात शिरतं. पण खरकटं बाहेर कसं जाणार? म्हणून दक्षिणेच्या भिंतीत, परतीच्या खिडकीलगत, एक मीटरचं नवं दार मागायचं. प्रश्नात ते दिलेलं नाही, पण बोळ दिलेला आहे आणि तो कारणाशिवाय दिलेला नसतो. दाराची किंमत आणि नवी मोरी काढण्याचा खर्च उत्तरात मान्य करून लिहावा. सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप याच बोळात, जमिनीखाली, उघडून साफ करता येईल असा. तो स्वयंपाकघराच्या आत कधीही नको. झाकण उघडलं की दुर्गंधी आणि झुरळं दोन्ही आत येतात.

कप्प्यात काम पूर्वेकडून पश्चिमेकडे जातं. खिडकीतून ताट घेतलं, खरकटं टपात झाडलं, फवाऱ्याने विसळलं, टोपलीत लावलं, यंत्रातून काढलं, निथळायच्या टेबलावर ठेवलं. स्वच्छ ताटांची ट्रॉली कप्प्याच्या वायव्य दारातून मुख्य वाटेवर येते आणि पाच-सहा मीटरवर वाढपाच्या खिडकीशी पोचते.

यंत्र निवडताना खाचांच्या स्टीलच्या ताटाचा हिशेब करावा लागतो. वरून झाकण उतरणाऱ्या यंत्राचं एक आवर्तन मिनिटभराचं असतं, म्हणून विद्यार्थी तासाला ६० टोपल्या लिहितात. लावणं आणि काढणं धरलं की ३५ च्या आसपास होतात. साधी बशी एका टोपलीत सोळा-अठरा बसते. खाचांचं ताट आठच. म्हणजे २०० ताटांना २५ टोपल्या, २०० पेल्यांना ८, चमचे आणि वाढपाची भांडी ३. एकूण ३६ टोपल्या म्हणजे एक तास. दोन पंगतींमध्ये ४० मिनिटं आहेत, आणि ताटं परत यायला सुरुवात होते ती १२:५० नंतर. पहिल्या पंगतीची ताटं दुसरीला मिळणार नाहीत हे इथेच स्पष्ट होतं.

यावर दोन उपाय आहेत. दुप्पट क्षमतेचं यंत्र घ्या, किंवा ताटं दुप्पट घ्या. ताटं घ्यावीत. ४०० आणि दहा टक्के जास्त, म्हणजे ४४०. त्यांना वीज लागत नाही, गरम पाणी लागत नाही, दुरुस्ती नाही. लागतात फक्त दोन जास्तीच्या मांडण्या. मग यंत्र दोन वाजून गेल्यावरही शांतपणे चालू राहू शकतं आणि एकच माणूस ते सांभाळतो. शेवटच्या विसळण्याचं पाणी ८२ अंशांपर्यंत जायला हवं. ते जातं की नाही हे ताटावरून कळतं: बाहेर काढलेलं ताट मिनिटभरात आपोआप कोरडं झालं तर पाणी पुरेसं गरम आहे, फडक्याने पुसावं लागलं तर नाही. पाणी जड असेल तर सॉफ्टनर आधी, यंत्र नंतर. नाहीतर फवाऱ्याची भोकं क्षाराने बुजतात आणि ताटाच्या खाचांत वरणाचा पिवळा ओघळ राहतो.

धूर आणि वारा

इथे उत्तरपत्रिकांत एक सोपा नियम लिहिला जातो: खोलीतली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलावी. खोलीचं घनफळ ४०३ घनमीटर, म्हणजे तासाला ८ ते १२ हजार घनमीटर. हा आकडा या खोलीला कमी पडतो, कारण धूर खोलीच्या आकारावर ठरत नाही, शेगड्यांवरच्या धूर ओढणाऱ्या हुडाखालच्या उपकरणांवर ठरतो.

शिजवण्याच्या ओळीवरचा हुड दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटर बाहेर काढला की ६.३ मीटर लांब होतो. भिंतीपासून पुढे तो १.३ मीटर येतो, कारण कलणाऱ्या भांड्याची वाफ पुढे येते. हुडाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ८.२ चौरस मीटर. सेकंदाला ०.४ मीटर वेगाने हवा ओढली तर तासाला साधारण ११,८०० घनमीटर. चपातीच्या भागावर ४.३ बाय १.३ मीटरचा वेगळा हुड. तिथे फोडणीचा तेलकट धूर नसतो, म्हणून वेग ०.३ पुरतो आणि आकडा ६,००० येतो. दोन्ही मिळून सुमारे १८,०००, म्हणजे तासाला ४५ वेळा हवा बदलणं. वरच्या नियमाने निवडलेला पंखा यातली निम्मी ते दोन-तृतीयांश हवाच ओढतो. असा पंखा लागला की तो चालू असतानाही फोडणीचा ठसका जेवणाच्या हॉलपर्यंत पोचतो आणि दोष आचाऱ्याच्या मिरच्यांवर ढकलला जातो.

दोन हुडांना दोन पंखे, कारण वेळा वेगळ्या आहेत. भांडी सकाळी साडेआठला चालू होतात, चपाती ११ नंतर. गाळणाऱ्या बॅफल जाळ्या ४५ अंशांत तिरप्या हव्यात, म्हणजे तेल ओघळून पन्हाळीत जातं. आडव्या बसवल्या तर ते थेंबाथेंबाने भातात पडतं.

बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी, आणि ही गोष्ट आराखड्यात क्वचित असते. १८,००० पैकी साधारण ८५ टक्के, म्हणजे १५,३०० घनमीटर ताजी हवा वेगळ्या पंख्याने मुख्य वाटेवर सोडायची. उरलेली हॉलमधून येऊ द्यायची, म्हणजे वास हॉलकडे जात नाही. ताजी हवा दिली नाही तर खुणा लगेच दिसतात. हॉलकडचं दार उघडायला जोर लागतो, बर्नरच्या ज्योती एका बाजूला झुकतात, मोरीतून वास येतो आणि हुडाखाली वाफ रेंगाळते. अशा वेळी मोठा पंखा लावला की त्रास वाढतोच. हवेचं तोंड मात्र थेट शेगडीवर किंवा चपातीच्या पट्ट्यावर रोखू नये; ज्योत विझते आणि चपाती वाऱ्याने वाळते.

पुन्हा १२:५५

नव्या आराखड्यावर तेच मिनिट. ताटं परतीच्या खिडकीतून कप्प्यात, खरकटं दक्षिणेच्या दाराने बोळात. भात ट्रॉलीवरून मुख्य वाटेने पूर्वेला. चपात्यांचा डबा यंत्राच्या तोंडापासून अडीच मीटरवर वाढपाकडे. चिरणारे लोक मागच्या वाटेत, तेव्हा ते बहुधा दुसऱ्या दिवशीची कडधान्यं निवडत असतात. खरकट्याची रेघ आणि अन्नाची रेघ कुठेच भेटत नाहीत.

एक छेद तरीही राहतो. काउंटरवरून परतणारे रिकामे टोप मुख्य वाटेने पश्चिमेला टोपांच्या सिंककडे जातात आणि भाताच्या ट्रॉलीच्या समोरून येतात. हा छेद आराखड्याने काढता येत नाही, कारण सिंक आणखी पूर्वेला नेलं तर ताटांचा कप्पा आखूड होतो. तो वेळेने काढायचा: रिकामे टोप काउंटरखाली ठेवायचे आणि १:१० ला दुसरी पंगत सुरू झाल्यावरच आत आणायचे. त्यासाठी काउंटरखाली चार टोपांची जागा मोकळी सोडायची आणि ती आराखड्यात तुटक रेघेने दाखवायची. असा छेद लपवण्यापेक्षा उत्तरात नाव घेऊन लिहिलेला बरा. परीक्षक तो शोधतोच.

या आराखड्याची मर्यादा पुरीच्या दिवशी दिसते. माणशी पाच पुऱ्या म्हणजे २,००० पुऱ्या, आणि चपातीचं यंत्र त्या दिवशी कामाचं नाही. बुटक्या शेगडीवर दोन कढया बसतात, म्हणून तिचे बर्नर मोठे निवडायचे आणि ती हुडाच्या मध्याच्या जितकी जवळ घेता येईल तितकी घ्यायची, टोकाला नको. कढईचा तेलकट धूर टोकावरून निसटतो. त्यासाठी ओळीचा क्रम बदलतो: पॅन, भाताचं भांडं, शेगडी, मग वरण आणि उसळ. लांबी तीच ६ मीटर राहते, पण गॅसचे तीन जोड नव्या जागी सरकतात. म्हणून मालकाला महिन्याचा पदार्थांचा तक्ता विचारावा आणि तो हातात आल्यावरच गॅसच्या पाइपचा नकाशा काढावा.